किराणा दुकानाच्या वेबसाईटवर पहिली ऑर्डर आली: आता काय करायचं?

माझ्या मामांचं कागलात किराणा दुकान आहे. त्यांची वेबसाईट मी बनवली, वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे ऑनलाईन दुकानाचं प्लगइन टाकून. साईट कशी बनवायची हे सांगणारे व्हिडिओ हवे तेवढे मिळतात, पण ते सगळे ‘साईट सुरू झाली’ इथं संपतात. खरा गोंधळ पुढे आहे. पहिली ऑर्डर येते, दुकानदार फोन हातात धरून उभा राहतो, आणि पैसे आलेत का, माल काढायचा का, कुणाला फोन करायचा, हे कुणीच सांगितलेलं नसतं. म्हणून आमच्या पहिल्या ऑर्डरचा धागा धरून सगळं क्रमानं लिहिते. तुमची साईट दुसऱ्या कशावर असेल तर बटणांची नावं बदलतील, बाकी कामं हीच.

आधी हाताशी काय असावं

- खाद्यपदार्थ विकण्यासाठीचा एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर. तो बिलावर टाकावा लागतो, साईटच्या तळाशीही टाका.
- गुमास्ता. महाराष्ट्रात थोडेच कामगार असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार नुसती सूचना द्यावी लागते. त्याची पावती जपून ठेवा, पेमेंट गेटवेवाले, म्हणजे साईटवरचे पैसे घेऊन तुमच्या बँकेत देणाऱ्या कंपन्या, ती मागतात.
- मालकाचं पॅन आणि ज्या खात्यात पैसे हवेत त्याचा रद्द केलेला चेक. चेकवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं.
- साईटवर दुकानाचं नाव, पूर्ण पत्ता, फोन आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं आणि महिन्यात ती सोडवायची. आमच्याकडे तो माणूस म्हणजे मामाच.
- इलेक्ट्रॉनिक काटा, त्या वर्षाच्या शिक्क्यासह.

## १. गिऱ्हाईक येण्याआधी स्वतः गिऱ्हाईक व्हा

साईट लोकांना सांगण्याआधी दुसऱ्या फोनवरून, दुसऱ्या नावानं एक खरी ऑर्डर द्या. खरे पैसे भरून. दहा रुपयांची काडेपेटी मागवली तरी चालेल. गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये केलेली चाचणी धरू नका. तिथं सगळं यशस्वी दिसतं आणि खात्यात छदाम येत नाही. चाचणी झाल्यावर टेस्ट मोड बंद करायला विसरलात, तर गिऱ्हाइकाची ऑर्डरही तशीच फुकटात ‘पेड’ दिसेल.

या ऑर्डरीत तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ईमेल येतो का. साध्या होस्टिंगवरून निघालेला ईमेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जातो किंवा पोचतच नाही. ईमेल रीतसर खात्यातून पाठवणारं एसएमटीपीचं प्लगइन टाकलं की हा त्रास बहुतेक मिटतो. शिवाय WooCommerce → Settings → Emails मध्ये New order उघडा आणि Recipient(s) मध्ये स्वल्पविराम देऊन दोन पत्ते लिहा, एक दुकानाचा आणि एक घरातल्या कुणाचा.

दुसरी, वेळ. वर्डप्रेसचं घड्याळ मुळात युटीसीवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री पावणेदहाची ऑर्डर दुपारी सव्वाचारची दिसली, तर ‘एवढा वेळ कुणी बघितली नाही?’ म्हणून घरात भांडण ठरलेलं. Settings → General मध्ये Timezone ला Kolkata निवडा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: माल कुठं कुठं जाऊ शकतो. Shipping मध्ये झोन करताना राज्याचं नाव टाकून थांबू नका, खाली पिनकोडची मर्यादा घाला. आम्ही फक्त ४१६२१६ ठेवला. झोनच्या यादीत शेवटी ‘बाकी सगळीकडे’साठी एक ओळ असते, तिच्यात पोचवण्याची कुठलीही पद्धत ठेवू नका.

आमच्यासारख्या सीमेवरच्या गावाला हे जास्त लागू आहे. हायवेनं थोडं पुढं गेलं की निपाणी. माणसं आपलीच, बोली आपलीच, बाजाराला येणंजाणंही रोजचं. पण निपाणी कर्नाटकात. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते, आणि कंपोझिशन योजनेत असाल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. निपाणीचा माणूस दुकानात येऊन पिशवी भरून नेतो, त्यात काही अडचण नाही. तुम्ही त्याच्या घरी पोचवायला गेलात की प्रकार बदलतो. नोंदणीची बाकी गणितं तुमच्या सीएला विचारा.

## २. ऑर्डर आली: आधी नुसती वाचा

शनिवारी रात्री, शटर अर्धं ओढलेलं असताना मामांच्या फोनवर ईमेल आला. मामांनी तो मला दाखवला. “हे बघ गं, २१४ नंबरची ऑर्डर म्हणतंय. आधीच्या २१३ कुठं गेल्या?”

हा प्रश्न तुम्हालाही पडणार, म्हणून सांगते. ऑर्डर गहाळ झालेल्या नाहीत. वूकॉमर्स साईटवरची पानं, फोटो, वस्तू आणि ऑर्डरी या सगळ्यांना एकाच माळेतले नंबर देतं. दोनशे फोटो आणि वस्तू चढवल्या असतील तर पहिली ऑर्डर दोनशेच्या पुढचीच असणार. पुढची ऑर्डर २१५ न येता २१९ आली तरी घाबरू नका. बिलाला सलग नंबर हवे असतील तर त्यासाठी वेगळं प्लगइन मिळतं.

आता ऑर्डर उघडा. आमची अशी होती:

- साखर २ किलो: ९२ रुपये
- तूरडाळ १ किलो: १४० रुपये
- पोहे १ किलो: ६० रुपये
- शेंगदाणे अर्धा किलो: ७० रुपये
- शेंगतेल १ लिटर पिशवी: १९० रुपये
- घरपोच: २० रुपये
- एकूण ५७२ रुपये, क्रेडिट कार्डानं भरलेले

मालाची यादी वाचून लगेच डाळीच्या पोत्याकडे वळू नका. आधी पत्ते बघा. पडद्यावर Billing आणि Shipping असे दोन पत्ते शेजारी शेजारी असतात. पहिला पैसे भरणाऱ्याचा, दुसरा माल घेणाऱ्याचा. आमच्या ऑर्डरीत Billing चा पत्ता पुण्याचा होता आणि Shipping चा कागलचा, गैबी चौकाजवळचा. मामांनी पहिला पत्ता वाचला आणि म्हणाले, “पुण्याला कोण जाणार साखर घेऊन? रद्द कर.”

ती ऑर्डर होती पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीनं गावातल्या आईसाठी दिलेली. लहान गावातल्या दुकानाला साईटवरून येणाऱ्या ऑर्डरी पुष्कळदा अशाच असतात. गावातला माणूस दुकानात येतो नाहीतर फोन करतो. साईट वापरतो तो गावाबाहेर गेलेला मुलगा किंवा मुलगी. तेव्हा दोन पत्ते वेगळे दिसले की चूक समजू नका, नेहमीचंच धरा.

यात एक खाच आहे. जुन्या पद्धतीच्या चेकआउट पानावर फोन नंबर फक्त Billing मध्ये विचारला जातो. म्हणजे तुमच्याकडे मुलीचा नंबर येतो, माल घेणाऱ्या आईचा नाही. ‘माल घेणाऱ्याचा फोन’ अशी वेगळी रकाना-ओळ घालून घ्या आणि ती सक्तीची करा.

## ३. पैसे खरंच आलेत का?

मामांचं पुढचं वाक्य, “भोंगा तर वाजला नाही.”

काउंटरवर क्यूआर स्कॅन केला की साउंडबॉक्स रक्कम बोलतो, आणि त्याच क्षणी पैसे आल्याचं कळतं. किराणा दुकानदाराला तीच सवय. साईटवरचे पैसे तसे येत नाहीत. ते आधी पेमेंट गेटवेकडे जातात आणि तिथून, साधारण कामाच्या दोन दिवसांनी, बँकेत. शनिवारी रात्रीची ऑर्डर म्हणजे मंगळवार. तोवर भोंगा गप्प आणि पासबुकही कोरं.

मग विश्वास कशावर ठेवायचा? दोन ठिकाणी बघा. ऑर्डरची स्थिती Processing असेल तर पैसे भरले गेले आणि माल पाठवणं तुमच्याकडं आहे. मात्र घरपोच रोख देण्याच्या ऑर्डरीलाही Processing असंच दिसतं, तेव्हा शेजारी पैसे भरण्याची पद्धत कोणती लिहिलीय ते वाचा. मग गेटवेच्या स्वतःच्या पानावर जाऊन त्याच रकमेपुढे captured लिहिलंय का बघा. नुसतं authorized असेल तर पैसे गिऱ्हाइकाच्या बँकेनं अडवून ठेवलेत, तुमच्या नावावर घेतलेले नाहीत, आणि वेळेत घेतले नाहीत तर ते परत जातात. आपोआप capture होण्याची सोय गेटवेच्या सेटिंगमध्ये चालू ठेवा.

Pending payment दिसलं तर माल काढू नका, पण ऑर्डर सोडूनही देऊ नका. बऱ्याचदा माणूस पैसे भरता भरता उठून गेलेला असतो. कधी मात्र पैसे गेलेले असतात आणि गेटवेनं ते साईटला कळवलेलं नसतं. हा निरोप ज्या दुव्यावरून येतो त्याला वेबहुक म्हणतात आणि काही गेटवेंच्या सेटिंगमध्ये तो हातानं जोडावा लागतो. तो जोडलेला नसेल तर तुम्हाला ईमेल येत नाही, आणि साठा मोजण्याची सोय चालू असेल तर तासाभरात साईट ती ऑर्डर आपोआप रद्द करते. त्या तासाचा आकडा Hold stock या नावाखाली सापडेल. गिऱ्हाईक म्हणतं पैसे कापले, साईट म्हणते ऑर्डर रद्द. अशा वेळी निवाडा गेटवेच्या पानावर करायचा. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर कधीच नाही. तसे स्क्रीनशॉट बनवून देणारी अ‍ॅप आहेत.

## ४. पुडी बांधण्याआधी एक फोन

ही पायरी कुठल्याच व्हिडिओत नसते आणि माझ्या मते तीच सगळ्यात जास्त पैसे वाचवते. निदान सुरुवातीच्या ऑर्डरींना तरी पैसे भरणाऱ्याला फोन कराच. तीन गोष्टी विचारा: माल कोण घेणार, कधी घेणार, आणि यादीतल्या संदिग्ध वस्तू नेमक्या कुठल्या.

आमच्या यादीत संदिग्ध होते पोहे. दुकानात कुणी ‘पोहे द्या’ म्हटलं की मामा विचारतात, “कशाला पायजेत?” कांदेपोह्याला जाडे, चिवड्याला पातळ. साईट असं विचारत नाही. तिच्यावर नुसतं ‘पोहे १ किलो’ होतं आणि दर जाड्यांचा होता. मुलगी म्हणाली, “आईला चिवडा करायचाय.” पातळ पोहे किलोला सत्तर. मामांनी साठलाच दिले. साईटवर जो दर लिहिला तो त्या ऑर्डरीपुरता पाळायचा, वरचे दहा रुपये फोनवर मागत बसायचं नाही. त्याच रात्री साईटवर जाडे आणि पातळ अशा दोन वेगळ्या वस्तू झाल्या.

तुमच्या यादीतून एकदा या नजरेनं फिरा. गूळ चिक्कीचा की साधा, मिरची ब्याडगी की संकेश्वरी, खोबरं वाटीचं की किसलेलं, रवा बारीक की जाडा. गिऱ्हाईक समोर असताना जे तुम्ही न लिहिता विचारता, ते सगळं नावात आलं पाहिजे.

दुसरी अडचण तेलाची. साईटवर ज्या कंपनीच्या पिशवीचा फोटो होता ती संध्याकाळीच संपली होती. दुकानात दुसऱ्या कंपनीची पिशवी होती, पण न विचारता बदली माल कधीच देऊ नका, तेल आणि चहा पत्तीत तर नाहीच. लोकांची जीभ ठरलेली असते. मुलगी म्हणाली, “मग तेल राहू दे काका, आई दुसरं वापरत नाही.”

साठ्याबद्दल एक सांगते. बंद पिशव्या, साबण, बिस्किटं यांचा साठा आकड्यात ठेवा. सुट्ट्या मालाचा ठेवू नका. तूरडाळीचे पाव, अर्धा आणि एक किलो असे प्रकार केले तर त्या प्रत्येकाचा नग वेगळा मोजला जातो, आणि पोत्यात किती डाळ उरली हे साईटला त्यातून कळत नाही. शिवाय काउंटरवर दिवसभर त्याच पोत्यातून विक्री चालू असते. सुट्ट्या मालाला फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच ठेवा, आणि पोतं तळाला गेलं की ‘नाही’ करा.

## ५. तेलाचे पैसे परत

ऑर्डर उघडून Refund दाबलं, तेलासमोर १९० लिहिलं की खाली दोन बटणं येतात. एकावर गेटवेचं नाव असतं, दुसऱ्यावर Refund manually. दुसरं बटण फक्त साईटच्या वहीत नोंद करतं, पैसे कुठंही जात नाहीत. गिऱ्हाइकाला मात्र ‘पैसे परत केले’ असा ईमेल जातो. मग आठवडाभरानं तो चिडून फोन करतो आणि तुम्हाला कळत नाही की झालं काय. गेटवेच्या नावाचंच बटण दाबा. पैसे कार्डावर पोचायला काही दिवस लागतात, हेही त्याच फोनवर सांगून टाका.

आणि एक हिशेब, जो मामांना अजून पटलेला नाही. आमच्या गेटवेचा कार्डाचा दर २ टक्के. ५७२ वर ते होतात ११ रुपये ४४ पैसे. तेलाचे १९० परत दिले तरी बहुतेक गेटवे आपलं शुल्क परत देत नाहीत. म्हणजे ३८२ रुपयांची विक्री आणि शुल्क ५७२ वरचं. मंगळवारी बँकेत आले ३७० रुपये ५६ पैसे. मामांच्या दुकानात साखरेवर किलोमागे एक-दोन रुपये सुटतात, त्यामुळं हे साडेअकरा रुपये त्यांना चांगलेच बोचले. यावर उपाय दोनच: साठा खरा ठेवा म्हणजे परतावा कमी होईल, आणि साईटवर किमान ऑर्डरची रक्कम घाला. आम्ही ५०० घातली.

## ६. बांधणी आणि वजन

पिशवी काट्यावर ठेवून टेअरचं बटण दाबा, मग माल भरा. काउंटरवर गिऱ्हाईक काटा बघत असतो, इथं नसतो. घरी पुन्हा मोजून बघणारे भेटतातच, म्हणून आम्ही प्रत्येक सुट्टी पुडी काट्यावर असताना आकड्यासकट फोटो काढतो.

तेल, फिनेल अशा गळणाऱ्या वस्तू वेगळ्या पिशवीत, उभ्या. साबण आणि उदबत्ती चहा-पिठाच्या खोक्यात कधीच घालू नका, चहाला तासाभरात वास लागतो. पातळ पोहे सगळ्यात वर. ते हलके असतात पण जागा फार खातात, त्यामुळं खोकं निवडताना किलो मोजू नका, पोहे कुठं बसतील ते बघा. बिलाची एक छापील प्रत वर ठेवा, त्यावर परत केलेली रक्कम हातानं लिहा.

## ७. दारात

रविवारी सकाळी दुकानातला पोरगा खोकं घेऊन गेला आणि दहा मिनिटांत परत आला. “काकू म्हणाल्या, आम्ही काय मागवलं नाय.” मुलीनं आईला सांगितलंच नव्हतं.

मामा स्वतः गेले. काकू त्यांच्या वीस वर्षांच्या गिऱ्हाईक, दर महिन्याला वही घेऊन येणाऱ्या. “अहो, पुण्यासनं पोरीनं पाठवलंय, संगणकावरनं,” मामा म्हणाले. काकूंनी खोकं उघडून पोहे हातात घेऊन बघितले, पातळ आहेत याची खात्री केली, आणि म्हणाल्या, “बरं, वहीत मांडा मग.”

हा धोका लक्षात घ्या. उधारीची वही आणि साईट एकाच घराला चालू असेल तर तोच माल दोनदा मांडला जाऊ शकतो. साईटच्या ऑर्डरी वहीत लिहायच्याच नाहीत असा नियम दुकानातल्या सगळ्यांना सांगा, पोचवणाऱ्या पोरालासुद्धा. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘पैसे भरले’ किंवा ‘रोख घेणे’ आणि आकडा लिहा. रोखीची ऑर्डर असेल तर पोराकडे सुट्टे पैसे आणि दुकानाच्या क्यूआरचं कार्ड द्या.

आणि खोक्यावर मागवणाऱ्याचं नावही लिहा. ‘पाठवणार: तुमची मुलगी, पुणे’ एवढी ओळ असती तर पोरगा खोकं घेऊन परत आला नसता.

## ८. माल पोचल्यावर

माल हातात पडला की ऑर्डर Completed करा. ही स्थिती आपोआप बदलत नाही. Completed केलं की पैसे भरणाऱ्याला ईमेल जातो, आणि इथं पैसे भरणारी पुण्यात बसलेली असल्यामुळं तिच्यासाठी माल पोचल्याची पावती तीच. पोचण्याआधी Completed करू नका, ती लगेच आईला फोन लावते.

मंगळवारी गेटवेच्या पानावरून त्या दिवसाच्या जमेचा तपशील उतरवून घ्या आणि बँकेच्या नोंदीशी ताडा. बँकेत एकच रक्कम दिसते. त्यात कुठली ऑर्डर, किती शुल्क आणि किती परतावा, हे फक्त त्या तपशिलातच असतं. सीएला विक्री ३८२ आणि शुल्क ११.४४ असं वेगवेगळं द्यायचं, ३७०.५६ हा आकडा विक्री म्हणून द्यायचा नाही.